भाववाढीची चिठ्ठी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेत उमरगा येथील एका किराणा व्यापाऱ्याने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘व्यापारातील सचोटी’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली होती. विषय थोर आहे, पण माझा अधिकार तेवढा नाही. मी गल्ल्यावर बसणारा माणूस आहे. म्हणून मी विश्वस्तांची अनुमती घेऊन विषय लहान करून घेतला. भाव वाढला की दुकानदार आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला तो कसा कळवतो, त्या चार ओळींच्या चिठ्ठीत काय लिहितो आणि काय लिहू नये, एवढ्याविषयीच आज बोलणार आहे. या सभागृहात बसलेल्या निम्म्या मंडळींनी अशी चिठ्ठी केव्हा ना केव्हा लिहिली आहे आणि उरलेल्यांनी ती वाचली आहे. मी लिहिलेली एक चिठ्ठी चुकली होती. तिचीच हकीकत सांगतो.

सन २०२४ चा सप्टेंबर महिना आठवावा. दशलक्षण पर्व चालू होते, गावात गणपती बसलेले होते. अशात १४ सप्टेंबरपासून केंद्र सरकारने खाद्यतेलावरील आयात शुल्क वाढविले. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावर तोवर मूळ शुल्क शून्य होते, ते वीस टक्के झाले. उपकर धरून एकूण भार साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेला. शुद्ध केलेल्या तेलावरचा भार पावणेचौदा टक्क्यांवरून पावणेछत्तीस टक्क्यांपर्यंत चढला. आपला देश खातो त्यातील निम्म्याहून अधिक तेल परदेशातून येते. त्यामुळे बंदरावर शुल्क वाढले की उमरग्याच्या दुकानात त्याचा परिणाम पोहोचायला फार दिवस लागत नाहीत. मला तर वाटते, तो मालाच्या आधीच पोहोचतो. घाऊक व्यापाऱ्याचा फोन दुसऱ्याच दिवशी आला की जुन्या भावाने आता माल नाही.

शुल्क वाढविण्यामागचे कारण आपल्या भागाला जवळचे होते. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात दर त्याच्या खाली होता. बाहेरचे तेल महाग झाले तर इथल्या सोयाबीनला भाव मिळेल, असा तो हिशेब होता. म्हणजे माझ्या दुकानात जो शेतकरी तेलाची पिशवी घेतो, त्याच्याच सोयाबीनसाठी तेल महाग झाले होते. ऐकायला हे फार सोयीचे कारण आहे आणि म्हणूनच ते वापरण्याचा मोह होतो. त्याकडे पुढे येतो.

माझ्या गोदामात त्या दिवशी जुन्या भावाने घेतलेले चाळीस डबे होते आणि पिशव्यांची काही खोकी होती. क्षमावाणी १८ तारखेला झाली. आपण सर्वांनी परस्परांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. मी माझ्या खात्यावरच्या जुन्या गिऱ्हाइकांकडेही जातो, मग ते कोणत्याही समाजाचे असोत. त्यानंतर दोन दिवसांनी दुकानात फलक लावला आणि तोच मजकूर भ्रमणध्वनीवरून सर्वांना पाठविला. तो मजकूर असा होता :

“सर्व ग्राहक बंधू-भगिनींस कळविण्यास अत्यंत खेद वाटतो की, शासनाने आयात शुल्क वाढविल्यामुळे, तसेच वाहतूक, हमाली व वीजबिल यांत झालेल्या वाढीमुळे, आम्हांस नाइलाजास्तव तेलाच्या दरात थोडीशी वाढ करावी लागत आहे. आम्हांलाही हे परवडत नाही. तरी ग्राहकांनी गैरसमज करून न घेता सहकार्य करावे. होणाऱ्या त्रासाबद्दल क्षमस्व.”

मला ही चिठ्ठी चांगली वाटली होती. नम्र आहे, कारणे दिली आहेत, शेवट गोड आहे. आपल्यापैकी अनेकांच्या दुकानांवर असाच फलक लागलेला मी पाहिला आहे.

संध्याकाळी एक गुरुजी आले. सेवानिवृत्त शिक्षक, जवळच्या खेड्यातले. त्यांचे खाते माझ्या वडिलांच्या काळापासून आमच्याकडे आहे. नेहमी बाकावर बसून चहा घेत, त्या दिवशी उभेच राहिले. म्हणाले, “शेठ, परवा तुम्ही घरी येऊन क्षमा मागितली, ती मला समजली. ही आजची क्षमा कशाची?” मी म्हणालो, “गुरुजी, तेल महागलं, म्हणून.” ते म्हणाले, “तेल तुम्ही महाग केलंत का? केलं असेल तर तसं सांगा. नसेल तर भाव किती झाला ते सांगा. या कागदावर भाव कुठं आहे?”

मी फलकाकडे पाहिले. खरोखरच त्यावर भाव नव्हता. दहा वेळा वाचून लावलेल्या मजकुरात जुना दर नव्हता, नवा दर नव्हता आणि तो कोणत्या दिवसापासून हेही नव्हते. गुरुजींनी मग शांतपणे आपल्या खात्याची वही मागितली. मागच्या तीन महिन्यांचा तेलाचा भाव बोट ठेवून वाचला. पन्नास वर्षांच्या व्यवहारात आमची वही त्या घराने कधी तपासली नव्हती. हिशेबात काही चूक निघाली नाही, परंतु वही मागितली गेली ही गोष्ट माझ्या मनातून आजही जात नाही. माझ्या चिठ्ठीनेच त्यांना तसे करायला लावले होते.

त्या रात्री दुकान बंद केल्यावर मी तो मजकूर शब्दाशब्दाने पाहिला. ‘खेद’, ‘नाइलाजास्तव’ आणि ‘क्षमस्व’ हे तीन शब्द मी अपराध केल्यासारखे लिहिले होते. क्षमा मागायची तर काही दोष घडलेला असावा लागतो. महागलेला माल महाग विकणे हा दोष नव्हे. आपल्या अणुव्रतांत अचौर्याचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कमी-अधिक माप आणि मालात भेसळ यांचा स्पष्ट उल्लेख आहे. माप पुरे ठेवून, माल खरा ठेवून उघडपणे भाव सांगणे त्यात येत नाही. मी नसलेल्या दोषाची क्षमा मागितली, म्हणून वाचणाऱ्याने असलेला दोष शोधायला सुरुवात केली.

दुसरे, ‘थोडीशी’ हा शब्द. थोडीशी किती हे घेणाऱ्याने ठरवायचे असते, विकणाऱ्याने नव्हे. महिन्याला पंधरा हजारांत घर चालविणाऱ्या माणसाला ऐंशी रुपये थोडे नसतात.

तिसरे आणि सर्वांत वाईट, कारणांची रांग. शुल्क वाढले हे खरे होते. परंतु त्या आठवड्यात माझी हमाली वाढली नव्हती आणि वीजबिलाचा तेलाच्या डब्याशी काही संबंध नव्हता. एक कारण अपुरे वाटेल या भीतीने मी आणखी तीन जोडली. माणूस एका प्रश्नाला चार उत्तरे देऊ लागला की ऐकणारा पहिल्या उत्तरावरही विश्वास ठेवत नाही. ‘गैरसमज करून न घेता’ असे लिहून तर मी गैरसमज कोणता करून घ्यावा हेच सुचविले होते.

मग ठरविले की आधी हिशेब कागदावर मांडायचा आणि चिठ्ठी त्यानंतर लिहायची. सोयीसाठी येथे आकडे गोल करून सांगतो. पंधरा किलोचा डबा मला १,७५० रुपयांस पडत होता आणि मी तो १,८०० ला देत होतो. नवी खरेदी २,०५० ची. खरेदी तीनशेने वाढली, म्हणून विक्री २,१०० केली. किलोमागे वीस रुपये वाढले. महिन्याला चार किलो तेल लागणाऱ्या घरावर ऐंशी रुपयांचा भार. पिशवीचे गणित थोडे निराळे असते. एक लिटरच्या पिशवीत सोयाबीन तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम असते, म्हणून तिच्यावर वीस नव्हे, अठरा रुपये वाढले पाहिजेत. अनेक दुकानांत लिटर आणि किलो एकच धरून पिशवीवरही वीस वाढविले जातात. ते दोन रुपये कुणाच्या लक्षात येत नाहीत, परंतु ते आपले नसतात. शिवाय आता ८५० किंवा ८०० ग्रॅमच्याही पिशव्या येतात. दिसायला त्या सारख्याच. वजन छापलेले असते हे खरे, पण वाचतो कोण? म्हणून चिठ्ठीत भावाशेजारी वजन लिहायचेच.

नफ्याबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. मी डब्यामागे पन्नास रुपये घेत होतो, तेवढेच ठेवले. टक्क्याने धरले असते तर ते एकोणसाठ झाले असते. जो व्यापारी एकोणसाठ घेईल तो काही गैर करतो असे मी म्हणणार नाही, कारण तेच चाळीस डबे भरायला आता बारा हजार रुपये जास्त गुंतवावे लागतात आणि पैशाला व्याज असते. फक्त त्याने सगळी वाढ सरकारच्या नावावर टाकू नये. वरचे नऊ रुपये त्याचे स्वतःचे आहेत.

आता जुन्या मालाचा प्रश्न. चाळीस डबे जुन्या भावाचे. ते नव्या भावाने विकले असते तर एका रात्रीत बारा हजार रुपये मिळाले असते. कायद्याने त्याला आडकाठी नव्हती. पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीच्या वर कोणालाही विकता येत नाही आणि ती किंमत वाढविण्यासाठी वरून नवी चिठ्ठी चिकटवता येत नाही. पण तेलावर छापील किंमत बहुधा विक्रीच्या भावाहून पुष्कळ वर असते, त्यामुळे मधली जागा मोकळी होती. याच सुमारास, १७ सप्टेंबरला, केंद्राच्या अन्न खात्याने तेल उद्योगाच्या संघटनांना सांगितले होते की कमी शुल्काने आलेले सुमारे तीस लाख टन तेल देशात आहे, ते पंचेचाळीस ते पन्नास दिवस पुरेल, तोवर छापील किंमत वाढवू नये. तो सल्ला कंपन्यांना होता, माझ्यासारख्या दुकानदाराला कोणी विचारणार नव्हते. आणि दुसरी बाजूही आहे. जुन्या भावाने सगळे विकून टाकले तर त्या पैशांत नवे चाळीस डबे येत नाहीत, पस्तीसच येतात. प्रत्येक वाढीला असे करणाऱ्याचे दुकान हळूहळू रिकामे होते. भाव उतरतो तेव्हा जुन्या महाग मालाचा तोटा गिऱ्हाईक वाटून घेत नाही, हेही खरे.

मी मध्यम मार्ग काढला. महिनाअखेरपर्यंत खात्यावरच्या घरांना त्यांच्या नेहमीच्या यादीइतके तेल जुन्या भावाने द्यायचे, त्याहून अधिक नाही. नेहमीची यादी वहीत होतीच, म्हणून वाद नाही. ही मर्यादा घातली नसती तर पहिल्या दोन दिवसांत चार मोठ्या घरांनी सगळे डबे उचलले असते आणि महिन्याला दोन पिशव्या नेणारी बाई नव्या भावाला तोंड देत राहिली असती.

यानंतर नवी चिठ्ठी लिहिली. गोल आकड्यांत ती अशी :

“सोयाबीन तेल. १५ किलोचा डबा : आजचा भाव १,८०० रुपये, नवा भाव २,१०० रुपये. १ लिटर पिशवी (९१० ग्रॅम) : आजचा भाव ११० रुपये, नवा भाव १२८ रुपये. नवा भाव मंगळवार, दि. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू होईल. खात्यावरील ग्राहकांना दि. ३० सप्टेंबरपर्यंत महिन्याच्या नेहमीच्या यादीइतके तेल आजच्या भावाने मिळेल. आयात शुल्क १४ सप्टेंबरपासून वाढल्याने आमचा खरेदीचा भाव वाढला आहे. डाळी, साखर, गूळ व पोहे यांच्या भावात बदल नाही. खरेदीचा भाव उतरल्यावर नवा भाव याच फळ्यावर लिहू.”

यात खेद नाही आणि सहकार्याची विनंती नाही. कारण एकच आहे, तेही भाव आणि तारीख सांगून झाल्यावर. वाचणारा पहिल्यांदा ‘किती’ आणि ‘केव्हापासून’ हेच शोधतो. ते सापडले की ‘का’ हे एका वाक्यात पुरते. ‘बदल नाही’ हे वाक्य मला सर्वांत उपयोगी वाटले, कारण तेल वाढले असे ऐकून माणूस सगळी यादीच महागली असे मनात धरतो आणि दुसऱ्या दुकानाची पायरी चढतो. आळंद, बसवकल्याणकडून येणारे काही गिऱ्हाईक मराठी सावकाश वाचतात, म्हणून आकडे मोठे लिहिले.

शेतकऱ्यांच्या हिताचे ते सोयीचे कारण मी गाळले. एक तर ते सांगणे माझे काम नव्हे. आणि पुढे हंगामात सोयाबीनचा दर हमीभावाच्या खालीच राहिला. ते कारण फळ्यावर लिहिले असते तर पोते परत घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला मी काय तोंड दाखविले असते?

फळ्यापेक्षा अवघड काम गल्ल्यावरचे असते. चिठ्ठी नेमकी असते आणि दुकानातील मुलगा बोलताना पुन्हा रडगाणे सुरू करतो. मी मुलांना दोनच उत्तरे घोटवून घेतली. कोणी विचारले, “पिशवीवर छापील किंमत तीच, मग भाव कसा वाढला?” तर सांगायचे, “काका, छापील ही वरची हद्द आहे. आपण तिच्या खालीच देतो, आजही खालीच आहे.” आणि कोणी म्हणाले, “पलीकडं स्वस्त आहे,” तर म्हणायचे, “असेल. त्यांच्याकडे जुना माल असेल. तेल तिथून घ्या, बाकीची यादी ठेवून जा.” पलीकडच्याचा माल हलका आहे असे चुकूनही बोलायचे नाही. या दुसऱ्या उत्तराने सुरुवातीला माझ्याच मुलाला धक्का बसला होता. परंतु ज्यांनी तेल बाहेरून घेतले, त्यांतील बहुतेकांची डाळ-साखर आमच्याकडेच राहिली.

चिठ्ठी नीट लिहिली म्हणून सगळे सुरळीत झाले असे नाही. आठवड्याला चार डबे नेणारा एक वडेवाला दुसरीकडे गेला. त्याचे खाते नव्हते, म्हणून जुना भाव त्याला मिळाला नाही. त्याला मी दोष देत नाही. वडा महाग झाला तर त्याच्या फळ्यावर कोण वाचत बसणार? तो दिवाळीनंतर परतला, तेही सगळ्यांचे भाव सारखे झाल्यावर.

खरी परीक्षा शेवटच्या वाक्याची होती. ‘भाव उतरल्यावर लिहू’ असे लिहिणे सोपे असते. ३० मे २०२५ रोजी सरकारने कच्च्या तेलावरचे मूळ शुल्क वीसवरून दहा टक्के केले, एकूण भार साडेसोळा टक्क्यांवर आला. माझ्याकडे त्या वेळी महाग भावाचे नऊ डबे शिल्लक होते. वाढताना मी महिनाअखेरपर्यंत जुना भाव ठेवला होता. उतरताना मात्र नवी खरेदी आली त्याच दिवशी फळा बदलला. नऊ डब्यांत जे गेले ते गेले. घरातून बोलणी खावी लागली, ती येथे सांगत नाही.

त्याच वर्षी २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, अंगाचा साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवरील वस्तू व सेवा कर अठरावरून पाचवर आला आणि तुपावरचा बारावरून पाचवर. तेव्हा लोक विचारू लागले की खाद्यतेल का उतरले नाही. त्यावरचा हा कर आधीपासूनच पाच टक्के होता. या वेळी मी शहाणपण शिकलो होतो. उतरलेल्या वस्तूंची यादी लावली आणि खाली एक ओळ लिहिली, “खाद्यतेलाच्या करात बदल नाही.” कोणी रागावले नाही.

गुरुजींचे सांगायचे राहिले. ते ऑक्टोबर २०२४ मध्ये यादी घेऊन आले, फळा वाचला, बाकावर बसले, चहा घेतला आणि तेलाविषयी एक शब्दही बोलले नाहीत. जूनमध्ये भाव उतरल्याची चिठ्ठी मी मोठ्या उत्साहाने त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा चढवून ती वाचली, खिशातले पेन काढले आणि परत करताना म्हणाले, “शेठ, भाव ठीक आहे. पण या वेळी तारीख घालायची राहिली.”

जयजिनेंद्र.